ट्रॅकिंग लिंकसोबत ग्राहकाला काय लिहावं? स्पीड पोस्टाच्या ओळी सोप्या शब्दांत

प्रश्न: मी सोलापूरहून घरी केलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरी स्पीड पोस्टाने पाठवते. ग्राहकांना व्हॉट्सॲपवर नंबर आणि लिंक देते, तरी रोज "कुठपर्यंत आलं?" असे फोन येतात. बरेच जण लिंक उघडतात, पण तिथलं इंग्रजी बघून घाबरतात. प्रत्येक अपडेटचा अर्थ सोप्या शब्दांत सांगणारा संदेश कसा लिहू?

उत्तर:

ताई, तुमच्या ग्राहकांना इंग्रजी कळत नाही म्हणून ते फोन करतात असं मला वाटत नाही. Item Dispatched याचा अर्थ मराठीत सांगितला तरी फोन येतच राहतात, हे मी बरीच वर्षं पार्सलं पाठवताना पाहिलंय. त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात: माझी वस्तू आत्ता कोणाच्या ताब्यात आहे, आणि मला काही करायचंय का? संदेशातली प्रत्येक ओळ या दोनपैकी एका प्रश्नाचं उत्तर देत असेल, तर फोन निम्म्याहून कमी होतात.

त्याआधी एक गोष्ट तुम्हाला स्वतःला पक्की माहीत हवी, कारण ग्राहकाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. जेवण घरपोच मागवल्यावर फोनवर दुचाकी हलताना दिसते, तसं पोस्टाचं ट्रॅकिंग नसतं. पोस्टाच्या पानावरची ओळ म्हणजे एखाद्या कार्यालयात झालेली नोंद. पार्सलावरचा बारकोड वाचला गेला, त्या क्षणी ती पडते. पुढची ओळ पुढच्या ठिकाणी बारकोड वाचला जाईल तेव्हाच. मधल्या काळात पार्सल गाडीत असतं आणि पानावर काहीच नवीन येत नाही.

ही शांतता लांबते, त्याचं कारण पिशवी. काउंटरवर घेतलेलं पार्सल एकटं प्रवास करत नाही. एकाच दिशेला जाणारी पार्सलं एका पिशवीत भरतात, पिशवी बंद करून तिला तिचं वेगळं लेबल लावतात. तिथून पुढे वाटेतल्या कार्यालयांत नोंद होते ती पिशवीची. जिच्यावर नागपूरचं लेबल आहे ती पिशवी मधल्या ठिकाणी कोणी उघडत नाही, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत फक्त चढवतात. म्हणून Item Bagged आणि Bag Dispatched या ओळींनंतर एक पूर्ण दिवस, कधी दीड दिवस, काहीही दिसत नाही. ग्राहकाचा पहिला फोन नेमका याच काळात येतो. तेव्हा पहिल्याच संदेशात ही शांतता आधी सांगून ठेवायची.

आता एक पार्सल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू. समजा, चंद्रपूर जिल्ह्यात मूल नावाचं तालुक्याचं गाव आहे, त्याच्याजवळच्या एका खेड्यात राहणाऱ्या वहिनींनी दोन पाकिटं चटणी मागवली आहे. तुम्ही सोमवारी दुपारी तीनला सोलापूरच्या मुख्य पोस्टात पार्सल दिलं. नंबर धरू EM123456785IN. हा नुसता नमुन्याचा आहे, पण खऱ्या नंबराची ठेवण अशीच असते: पुढे दोन अक्षरं, मध्ये नऊ अंक, शेवटी IN. स्पीड पोस्टाचं पहिलं अक्षर E असतं. नऊ अंकांतला शेवटचा अंक आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकीचा टाकला तर बहुधा दुसऱ्याचं पार्सल दिसत नाही, नोंदच सापडत नाही. ग्राहक "नंबर खोटा आहे" म्हणाला तर आधी त्याने काय टाकलं ते विचारा. शून्याऐवजी O टाकलेला असतो, किंवा मध्ये मोकळी जागा राहिलेली असते.

म्हणून नंबर कधीही पावतीच्या फोटोवरून देऊ नका. तो टाइप करून, एका वेगळ्या संदेशात, आजूबाजूला दुसरं काहीही न लिहिता पाठवा. म्हणजे ग्राहक त्यावर बोट दाबून धरतो, कॉपी करतो आणि पानावर चिकटवतो. पावतीच्या फोटोत आणखी एक अडचण आहे. त्यावर नाव-पत्ता आणि मोबाइल नंबर असतो, आणि ग्राहक तो फोटो कोणत्या गटात टाकेल ते आपल्या हातात नसतं.

लिंकबद्दलही सांगतो. खासगी कुरिअरची लिंक उघडली की बहुतेक वेळा थेट तुमच्याच पार्सलाचं पान येतं. पोस्टाचं तसं गृहीत धरू नका. www.indiapost.gov.in उघडून, ट्रॅकिंगच्या चौकटीत नंबर टाकून, पडद्यावर अक्षरं किंवा छोटं गणित विचारलं तर ते भरून मग माहिती दिसते, असंच ग्राहकाला सांगा. या पायऱ्या तुम्हाला किरकोळ वाटतील, पण पन्नाशीच्या पुढचे बरेच ग्राहक याच ठिकाणी अडकतात आणि तुम्हाला फोन लावतात.

संकेतस्थळाचं नाव gov.in नेच संपलं पाहिजे हेही लिहा. "तुमचं पार्सल गोदामात आलंय, पत्ता अपुरा आहे, चोवीस तासांत या लिंकवर भरा" असे पोस्टाच्या नावाचे खोटे एसएमएस गेली काही वर्षं फिरतायत. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही ते खोटे असल्याचं जाहीर केलं आहे. ज्याला खरोखर पार्सल यायचं आहे, तो माणूस अशा जाळ्यात सगळ्यात लवकर सापडतो. तुमच्याकडून चटणी मागवलेल्या माणसाचे बँकेतले पैसे गेले, तर दोष तुमचा नसला तरी तो तुमच्याकडून पुन्हा काही मागवणार नाही.

आता वहिनींच्या पार्सलाच्या ओळी.

सोमवारी दुपारी Item Booked, समोर सोलापूर एच.ओ. एच.ओ. म्हणजे मुख्य टपाल कार्यालय. पार्सल पोस्टाने ताब्यात घेतलं, वजन झालं, पैसे भरले, एवढाच याचा अर्थ. अजून ते सोलापुरातच आहे. ही ओळ लगेच दिसली नाही तर नंबर चुकला असं समजू नये, संध्याकाळी पुन्हा बघावं.

इथे काउंटरवर एक गोष्ट विचारून ठेवा: पिशवी किती वाजता बंद होते? प्रत्येक कार्यालयाची वेळ ठरलेली असते. त्यानंतर दिलेलं पार्सल नोंदवलं जातं त्याच दिवशी, पण निघतं दुसऱ्या दिवशी. ग्राहकाला वाटतं की एक दिवस पोस्टाने खाल्ला. तुम्हाला वेळ माहीत असेल तर "आज नोंदवलं, उद्या निघेल" असं आधीच लिहिता येतं आणि तो दिवस कोणाच्याच खात्यावर पडत नाही.

सोमवारी संध्याकाळी Item Bagged आणि मग Dispatched. पार्सल पिशवीत गेलं, पिशवी कार्यालयाबाहेर पडली. रात्री शहरातल्याच आर.एम.एस.ची ओळ येऊ शकते. आर.एम.एस. म्हणजे रेल्वे डाक सेवा, टपालाची वर्गवारी करणारं खातं. तिथे पार्सल पोचलं, पुन्हा पिशवीत बसलं, पुन्हा निघालं. एका रात्रीत चार-पाच ओळी पडतात, ग्राहक खूश होतो, आणि मंगळवारी दिवसभर एकही नवी ओळ नसते म्हणून अस्वस्थ होतो. पिशवी वाटेत आहे, बस.

मंगळवार-बुधवारच्या सुमारास पुणे एन.एस.एच. दिसू शकतं. इथे हमखास फोन येतो: "अहो, मी चंद्रपूरकडची, माझं पार्सल पुण्याला कसं गेलं?" सोलापूरहून बघितलं तर पुणे पश्चिमेला आणि चंद्रपूर पूर्वेला, त्यामुळे शंका रास्तच आहे. एन.एस.एच. म्हणजे स्पीड पोस्टाचं मोठं वर्गवारी केंद्र. पार्सल नकाशावरच्या सरळ रेषेने जात नाही. जिथून पुढची गाडी ठरलेली आहे, अशा केंद्राकडे आधी जातं. आपल्या पिशवीवर नागपूरचं लेबल असेल तर पुणे दिसणारही नाही किंवा फक्त पिशवीची ओळ दिसेल. पुण्याचं लेबल असेल तर पुण्यात पिशवी उघडून पार्सल नागपूरच्या पिशवीत जाईल आणि Item Received, Item Bagged अशा ओळी दिसतील. दोन्ही ठीकच. आय.सी.एच. ही अक्षरंही अधूनमधून दिसतात, ते राज्याच्या आतलं लहान वर्गवारी केंद्र. टी.एम.ओ. म्हणजे पिशव्या एका गाडीतून दुसरीत चढवणारं कार्यालय. ग्राहकाला यातलं एकही नाव समजावत बसू नका. "मधली वेगळी गावं दिसली तरी पार्सल चुकलेलं नाही, ती गाडी बदलण्याची ठिकाणं आहेत" हे एक वाक्य पुरतं.

पार्सल खरंच चुकीच्या ठिकाणी गेलं तर ते कसं ओळखायचं, ते मात्र तुम्हाला माहीत हवं. केंद्राचं नाव अनोळखी असलं तरी हरकत नसते. पण शेवटच्या वितरण कार्यालयाचं नाव अनोळखी असेल, म्हणजे मूलऐवजी भलत्याच तालुक्याच्या उपडाकघरात, पानावरच्या भाषेत एस.ओ.मध्ये, Item Received दिसलं, तर पिनकोड चुकलेला असण्याची शक्यता मोठी. Missent हा शब्द दिसला तर पोस्टानेच चूक ओळखलेली असते आणि ते पार्सल योग्य ठिकाणी वळवतात. तेव्हा एक-दोन दिवस जास्त लागतील एवढं ग्राहकाला कळवायचं.

पिनकोडवर इतका भर का, तर वर्गवारी त्याच्यावरच चालते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणातले, संस्कृतचे मोठे कवी. पहिल्या तीन अंकांवरून पार्सल कोणत्या वर्गवारी जिल्ह्याकडे जायचं ते ठरतं, शेवटच्या तिनांवरून कोणतं वितरण कार्यालय. गावाचं नाव अचूक आणि पिन चुकीचा असेल तर पार्सल आधी पिनच्या मागे जातं. ऑर्डर घेतानाच ग्राहकाला पिन स्वतः टाइप करायला सांगा, तुम्ही अंदाजाने टाकू नका.

गुरुवारी-शुक्रवारी नागपूर, चंद्रपूर करत Item Received, मूल एस.ओ. शहरातला ग्राहक असता तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी Out for Delivery आलं असतं. वहिनी खेड्यात आहेत, म्हणून अजून एक टप्पा आहे आणि पुष्कळ विक्रेते तो संदेशात लिहायचं विसरतात. मूलच्या कार्यालयातून पार्सल गावच्या शाखा डाकघराच्या पिशवीत जातं. पानावर बी.ओ. ही अक्षरं दिसतात. ही पिशवी दिवसातून एकदाच निघते, आणि आजची निघून गेल्यावर आलेलं पार्सल उद्याच्या पिशवीत जातं. शाखा डाकघराचा पिन बहुधा मूलचाच असतो, म्हणून पान बघणाऱ्याला वाटतं पार्सल आपल्या पोस्टात येऊन पडलंय. मग ते स्कूटर काढून मूलला जातात, तिथून पार्सल गावाकडे निघालेलं असतं आणि दोघांची चुकामूक होते. खेड्यातल्या ग्राहकाला स्पष्ट लिहा: "तालुक्याच्या पोस्टात आलं असं दिसल्यावर तुमच्या गावच्या पोस्टात यायला आणखी एक-दोन दिवस लागतात. तालुक्याला जाऊ नका."

शाखा डाकघरातली नोंद मोबाइलवर किंवा तशाच हातातल्या यंत्रावर होते. गावात नेटवर्क नसेल तर ती उशिरा चढते. पार्सल वहिनींच्या हातात पडून चटणी अर्धी संपली तरी पानावर जुनीच ओळ असू शकते. म्हणून खेड्यातल्या पार्सलाची चौकशी करताना पानाआधी ग्राहकाला विचारा.

Out for Delivery ही एकच ओळ अशी आहे जिच्यावर ग्राहकाने काही करायचं असतं. पार्सल त्या दिवशीच्या पोस्टमनच्या किंवा डाकसेवकाच्या हातात आहे. फोन चालू ठेवायचा, अनोळखी नंबर उचलायचा, घरी कोणी नसेल तर शेजारी सांगून ठेवायचं. ओळ सकाळी दिसली म्हणजे पार्सल दुपारी बारापर्यंत येईलच असं नाही. त्याच्या फेरीत तुमचं घर कुठे लागतं, त्यावर वेळ ठरते.

शेवटी Item Delivered, किंवा त्याच अर्थाची Item Delivery Confirmed.

हे सगळं ग्राहकाला एकाच संदेशात पाठवायचं नाही. वीस ओळींचा अर्थ लिहून पाठवला तर ग्राहक तो वाचत नाही आणि फोनच करतो. मी संदेश तीन करतो. पहिला पार्सल नोंदवल्यावर लगेच, दुसरा Out for Delivery दिसल्यावर, आणि तिसरा अडलं तरच. पहिला साधारण असा:

"नमस्कार वहिनी. तुमची शेंगा चटणी, दोन पाकिटं, आज दुपारी सोलापूरच्या पोस्टात स्पीड पोस्टाने दिली. पार्सल आजच्या गाडीने निघेल. तुमच्या गावात पोचायला साधारण पाच-सहा दिवस लागतात, त्यात रविवार धरलेला नाही.

पार्सल बघायचं असेल तर www.indiapost.gov.in उघडा, ट्रॅकिंगच्या चौकटीत पुढच्या संदेशातला नंबर चिकटवा. तिथे ज्या ओळी दिसतील त्यांचा अर्थ असा:

Item Booked: पोस्टाने पार्सल घेतलं.
Bagged किंवा Dispatched: पिशवीत बसून पुढच्या गावाला निघालं. यानंतर एक-दोन दिवस नवी ओळ येत नाही, काळजी करू नका.
Received: त्या गावाच्या पोस्टात पोचलं. मधली वेगळी गावं दिसली तरी पार्सल चुकलेलं नाही.
मूल एस.ओ.: तालुक्याला आलं. तुमच्या गावात यायला अजून एक-दोन दिवस. तालुक्याला जाऊ नका.
Out for Delivery: आज घरी येणार. फोन जवळ ठेवा.

घरी आल्यावर काहीही पैसे द्यायचे नाहीत. पार्सलासाठी पत्ता किंवा पैसे भरा असा कोणताही एसएमएस आला तर लिंक उघडू नका, आधी मला विचारा. शनिवारपर्यंत मूलचं नाव दिसलं नाही तर मला कळवा, मी चौकशी करेन."

त्यानंतर लगेच दुसऱ्या संदेशात फक्त नंबर.

या संदेशातल्या दोन गोष्टी जाणूनबुजून केल्या आहेत. पोचण्याची तारीख दिलेली नाही, दिवसांचा अंदाज दिला आहे. राज्याच्या आत स्पीड पोस्टाला साधारण एक ते चार दिवस धरतात, पण खेडं असेल तर मी त्यावर दोन दिवस वाढवूनच सांगतो. लवकर पोचलेल्या पार्सलाबद्दल कोणी तक्रार करत नाही. आणि शेवटी "या दिवसापर्यंत अमुक दिसलं नाही तर कळवा" ही ओळ आहे. फोन कमी करणारी खरी ओळ तीच. कधी काळजी करायची हे एकदा सांगितलं की माणूस तोपर्यंत निवांत राहतो. ती नसेल तर त्याला रोजच काळजीचा दिवस वाटतो. तो दिवस मी असा ठरवतो: रविवार आणि पोस्टाच्या सुट्ट्या सोडून सलग तीन दिवस एकही नवी ओळ आली नाही, तर विचारायची वेळ झाली. सोमवारी नोंदवलेलं पार्सल गुरुवारी संध्याकाळपर्यंत सोलापुरातच दिसत असेल, तर ग्राहकाची वाट न बघता तुम्हीच काउंटरवर जाऊन विचारा.

नोंदणी करताना ग्राहकाचा मोबाइल नंबर काउंटरवर नक्की भरा. तो भरला तर पोस्टाचे एसएमएस त्यालाही जातात आणि पोस्टमनला घर सापडलं नाही तर फोन करता येतो. चटणीसारख्या मालाला हे फार उपयोगाचं, कारण पार्सल आठवडाभर एका कपाटात बसून परत आलं तर त्यातली भाकरी कोणाच्या कामाची राहत नाही.

आता अडलेल्या पार्सलाचं. Door Locked म्हणजे पोस्टमन आला होता, दाराला कुलूप होतं. Addressee Absent म्हणजे ज्याच्या नावाने पार्सल आहे तो माणूस नव्हता. Insufficient Address म्हणजे पत्त्यावरून घर सापडलं नाही. Item Onhold म्हणजे कार्यालयात राखून ठेवलंय. या चारही वेळा पार्सल ग्राहकाच्या जवळच्याच पोस्टात असतं, पण तिथे कायम राहत नाही. साधारण सात दिवसांत कोणी आलं नाही तर ते पाठवणाऱ्याकडे परत निघतं. त्यामुळे या ओळी दिसल्या की संदेश त्याच दिवशी गेला पाहिजे:

"वहिनी, आज पोस्टमन घरी येऊन गेला, दाराला कुलूप होतं असं दिसतंय. पार्सल पोस्टात सुरक्षित आहे. उद्या पुन्हा आणतील. उद्याही घरी कोणी नसेल तर गावच्या पोस्टात ओळखपत्र आणि हा नंबर घेऊन जा. चार दिवसांत घेतलं नाही तर ते माझ्याकडे परत येईल. पत्त्यात काही खूण घालायची असेल तर मला लिहा."

इथे तुम्ही सात न सांगता चार दिवस सांगता, कारण ग्राहक शेवटच्या दिवशीच निघतो. "पोस्टमन आलाच नव्हता" असं ग्राहक म्हणाला तर वाद घालू नका आणि पोस्टमनची बाजूही घेऊ नका. वितरण कार्यालयाला नंबर देऊन पुन्हा आणायला सांगा, एवढंच कामाचं.

Item Returned दिसलं तर पार्सल त्याच नंबराने उलट निघतं. ही गोष्ट फसवी आहे. दोन दिवसांनी पानावर पुन्हा नागपूर, पुन्हा Bagged, पुन्हा Dispatched अशा ओळी येतात आणि ग्राहकाला वाटतं पार्सल आता येतंय. तेव्हा "या पुढच्या सगळ्या ओळी परतीच्या आहेत, नवं पार्सल कधी पाठवू ते सांगा" हे तुम्हीच आधी लिहा.

Item Delivered दिसतंय आणि ग्राहक म्हणतो मिळालं नाही, हा सगळ्यात नाजूक प्रसंग. पहिलं उत्तर संशयाचं नको. बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्या कोणी, सोसायटीच्या वॉचमनने किंवा शेजाऱ्यांनी घेतलेलं असतं. "घरात आणि शेजारी एकदा विचारून बघाल का? मी इकडे पोस्टात कोणी घेतलं ते विचारते" असं लिहा आणि खरंच विचारा. महागडी ऑर्डर असेल तर हा प्रसंग आधीच टाळता येतो. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं. पार्सल ज्याच्या नावाने आहे त्यालाच किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच द्यावं असं हवं असेल तर आता स्पीड पोस्टावरच रजिस्ट्रेशनची जोड घेता येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून ओटीपी सांगितल्यावरच पार्सल देण्याची सोयही थोडे जास्त पैसे भरून मिळते. ती घेतली तर पहिल्या संदेशात एक वाक्य वाढवा: "पोस्टमन दारात आल्यावरच त्याला ओटीपी सांगा, फोनवर कोणालाही सांगू नका." ज्येष्ठ ग्राहक अजून "रजिस्टरनंच पाठवा" म्हणतात, त्यांनाही हे सांगता येतं.

तक्रार करायची वेळ आली तर ती तुम्ही करा, ग्राहकावर टाकू नका. पावती तुमच्याकडे आहे. पोस्टाचा मोफत क्रमांक १८०० २६६ ६८६८ आहे, आणि संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा क्रमांक मिळाला की तो ग्राहकाला कळवा. पार्सल अजून हलत नसलं तरी कोणीतरी त्यामागे आहे, हे त्याला दिसतं.

काही पार्सलं तुम्ही खासगी कुरिअरने पाठवत असाल तर वरचा संदेश जसाच्या तसा वापरू नका. तिथल्या ओळी सारख्या दिसतात, पण अर्थ वेगळे असतात. पोस्टात Dispatched म्हणजे पिशवी एका कार्यालयातून निघाली. काही कुरिअर कंपन्यांत तोच शब्द पार्सल वाटपाला निघालं, आज घरी येणार, या अर्थाने येतो. Manifested दिसलं तर फक्त लेबल तयार झालंय, पार्सल अजून तुमच्याच टेबलावर असू शकतं. RTO म्हणजे परत फिरलं. आपली कंपनी कोणता शब्द कशासाठी वापरते हे तिच्या दोन-तीन पोचलेल्या पार्सलांच्या ओळी तारखांशी ताडून बघितलं की कळतं. मग तिच्यासाठी संदेशाची वेगळी प्रत ठेवा.

रोज इतकं टाइप करणं जमत नाही, हे खरं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय म्हणून हे संदेश साठवता येतात. तिरपी रेघ मारून ठरवलेला शब्द लिहिला की पूर्ण मजकूर समोर येतो. मी चार साठवलेत: शहरासाठी, खेड्यासाठी, आज येणार आहे त्यासाठी, आणि दाराला कुलूप असेल त्यासाठी. पाठवण्याआधी नाव, गाव, वस्तू आणि "या दिवसापर्यंत दिसलं नाही तर" मधला वार तेवढा हाताने बदला. वार बदलायला विसरू नका, ग्राहक नेमका तोच लक्षात ठेवतो.